रात्री अकरा चाळीसचे फोटो

बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, सगळं तारीखवार लावून आणलंय." फोल्डरचं नाव होतं 'पाय'. आत नऊ आठवड्यांतले ३४० फोटो, सगळे एकाच तिळाचे. डाव्या तळव्याला, टाचेच्या जरा पुढे, खोलगट भागात तो तीळ होता. भेगांना मलम लावताना एका रात्री तो त्यांना पहिल्यांदा दिसला, आणि झोपण्याआधी त्यांनी 'तळव्यावर काळा तीळ' असं मोबाइलवर शोधलं. पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

वय चौतीस, बँकेत नोकरी, कर्जाच्या फायली तपासायचं काम. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) नोंदी ठेवायची सवय हाताला आधीपासूनच. फोटो दाखवतानाही त्या ऑडिटला बसल्यासारख्या बोलत होत्या. हा मंगळवारचा, हा गुरुवारचा, इथे कड पसरलीय ना? नवरा शेजारी बसला होता. तो मध्येच म्हणाला, "मी हिला रोज सांगतो, काही नाहीये गं." त्यातला 'रोज' माझ्या कानात राहिला.

इथे पहिली अडचण अशी की तिळाचा फोटो काढायला आम्ही त्वचेचे डॉक्टरच सांगतो. मग या बाईंचं नेमकं चुकलं काय? त्यांनी सल्ला जरा जास्तच मनावर घेतला, एवढंच का? नाही. फोटो काढणं आणि नजर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक कळायला आधी तीळ आम्ही कसा बघतो ते सांगतो.

तळव्याकडे नीट पाहिलं तर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेघा दिसतात. उंचवट्याची एक रेघ, तिच्या शेजारी खाच, पुन्हा उंचवटा. डर्मोस्कोप म्हणजे दिवा लावलेलं, दहापट मोठं दाखवणारं भिंग. ते तळव्यावर टेकवलं की तिळाचा रंग या रेघांमध्ये कुठे बसलाय ते दिसतं. रंग खाचांमधून गेला असेल तर तीळ बहुधा साधा असतो. रंग उंचवट्यांवर पसरला असेल तर आमचे कान टवकारतात, कारण तळव्याच्या मेलॅनोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरची, ती ओळखीची खूण आहे. नमुना धड इकडचा नाही आणि धड तिकडचाही नाही, असं झालं तर आकार बघतात. सात मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा, त्याच्या आत असेल तर थांबून पुन्हा बघायचा.

या बाईंचा तीळ पट्टीने मोजला तर चार मिलिमीटरचा होता. रंग बहुतेक खाचांमधूनच होता, एका बाजूला जरासा पुसट. मला काळजी वाटली नाही, पण पुढे ताडून बघायला एक जुनं चित्र हाताशी असावं असं वाटलं. म्हणून डर्मोस्कोपमधून एक फोटो घेतला आणि तीन महिन्यांनंतरची तारीख दिली.

हे तीन महिने कुठून आले? शंकेच्या तिळाचा डर्मोस्कोपने घेतलेला फोटो साधारण तीन महिन्यांनी पुन्हा घेऊन ताडून बघायचा, ही त्वचारोगतज्ज्ञांची रुळलेली पद्धत आहे. ज्या तिळाबद्दल फारशी शंका नसते त्याला सहा महिने ते वर्ष देतात. हा डॉक्टरचा आळस नव्हे. खरा बदल दिसण्याइतका होईपर्यंत मध्ये तेवढे दिवस जावे लागतात. पोराची उंची आपण भिंतीवर पेन्सिलीने वाढदिवसाला खुणावतो. रोज खुणावायला लागलो तर मोजली जाईल ती केसांची उंची, टाचा उचलल्या की नाही ते आणि पेन्सिल धरणाऱ्याचा हात. पोरगं वाढतच असतं, पण ते रोजच्या खुणांमध्ये दिसत नाही.

मोबाइलचंही असंच होतं, आणि हे मी त्यांना तिथेच करून दाखवलं. त्यांचाच फोन तळव्यापासून दहा सेंटिमीटरवर धरून एक फोटो काढला, मग आठ सेंटिमीटरवर धरून दुसरा. हात फक्त दोन सेंटिमीटर पुढे गेला, पण दुसऱ्या फोटोत तीळ सव्वापट झाला. म्हणजे चारचा पाच मिलिमीटर! हात एवढा तर कुणाचाही हलतो, त्यातून स्वतःच्याच तळव्याचा फोटो काढताना वाकडं बसावं लागतं. मग ट्यूबलाइट बंद करून टेबललॅम्प लावला. तीळ तांबूस झाला. फ्लॅश मारला तर करडा, कड पांढुरकी. शिवाय हल्लीचे फोन स्वतःहून रंग सारखे करतात, कडा टोकदार करतात आणि फार जवळ गेलं की गुपचूप दुसऱ्याच भिंगावर जातात. फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला की चौकोनी ठिपके दिसायला लागतात आणि सरळ कडही कुरतडल्यासारखी वाटते. 'कड वेडीवाकडी आहे का बघा' असं इंटरनेटवर वाचलेलं असतंच. दोन मिनिटांत एकाच तिळाचे चार तीळ आमच्यासमोर होते.

म्हणजे ३४० फोटोंमध्ये हाताचा, दिव्याचा आणि फोनचा फरक इतका मोठा होता की तिळात खरोखर काही बदललं असतं तरी ते त्यात बुडून गेलं असतं. जास्त फोटो म्हणजे जास्त माहिती, हा हिशेब इथे उलटा पडतो.

मग मी त्या फोल्डरमधली एक वेगळी गोष्ट बघितली. प्रत्येक फोटोवर वेळ असते. बहुतेक फोटो रात्री साडेअकरा ते एकच्या दरम्यानचे होते. एका गुरुवारी रात्री अकरा चाळीसपासून पाऊण तासात बावीस फोटो. मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?" जरा वेळाने म्हणाल्या, "ऑफिसात एकीच्या दिराला कॅन्सर निघाल्याचं कळलं होतं. पोटाचा." मार्चअखेरच्या आठवड्यात मात्र रात्री नऊपर्यंत बँकेत, आणि त्या पूर्ण आठवड्यात फक्त तीन फोटो. तीळ मार्चअखेर बघून वाढायचा थांबत नाही. फोटो तिळाच्या मागे चालले नव्हते, ते धास्तीच्या मागे चालले होते. स्वतःची तपासणी कोणत्या जातीची आहे ते ओळखायची ही माझ्या माहितीतली सगळ्यात सोपी युक्ती आहे. गॅलरी उघडा, फोटो बघू नका, वेळा वाचा.

आता प्रश्न असा की हुशार, हिशेबी माणूस ३४० वेळा तेच का करतो? कारण प्रत्येक फोटोने थोडा वेळ बरं वाटतं. छातीतली धडधड उतरते. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की फोटो काढला म्हणून आपण वाचलो. पुढच्या वेळी धडधड सुरू झाली की हात पुन्हा फोनकडे जातो. ब्रिटनमधल्या पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या संशोधकांनी १९८६ साली हेच चक्र आजाराच्या भीतीबाबत मांडलं: 'काही नाही ना?' हे विचारणं त्या क्षणी भीती कमी करतं आणि पुढे तीच भीती पोसतं. हात पुन्हापुन्हा धुणाऱ्या माणसाला धुण्याने जे मिळतं, तेच इथे विचारण्याने मिळतं.

आणखी एक गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. नेदरलँड्समध्ये मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ साली एक प्रयोग छापला. धडधाकट विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवरची गॅसची शेगडी दिली. बटणं चालू करायची, बंद करायची, मग तपासायची. एका गटाने शेगडीच पुन्हापुन्हा तपासली, दुसऱ्याने मध्ये दिवे तपासले. शेवटी सगळ्यांनी शेगडी एकदा तपासली आणि त्यांना विचारलं, आत्ता कोणती बटणं तपासलीत? उत्तरं दोन्ही गटांची साधारण सारखीच बरोबर. पण ज्यांनी शेगडीच पुन्हापुन्हा तपासली होती त्यांना आठवण धूसर वाटत होती, तिच्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. लक्षात घ्या, हे धास्तावलेले लोक नव्हते. नुसत्या तपासण्याने शंका तयार झाली. गावाला जाताना एसटी स्टँडवर पोचल्यावर 'गॅस बंद केला ना?' असं ज्यांना होतं, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिळाचंही तसंच. शंभर वेळा पाहिलेला तीळ ओळखीचा होत नाही, उलट अनोळखी होत जातो. एकच शब्द वीस वेळा मोठ्याने म्हटला की त्याचा अर्थ निघून जातो आणि नुसता विचित्र आवाज उरतो, तसं. बाई म्हणाल्या होत्या, "आता मला आठवतच नाही तो आधी कसा होता." फोटोच इतके झाले होते की 'आधी' म्हणजे कुठला, हेच कळेना.

घरच्यांचा आणि आमचाही यात हात असतो, हे कबूल करायला हवं. नवऱ्याचं 'काही नाहीये गं' पहिल्या आठवड्यात दोन दिवस पुरायचं. मग एक रात्र. नंतर तो हे चष्मा न लावता म्हणाला, म्हणून चाललं नाही. मग मावसभाऊ, तो एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने 'ताई, नॉर्मल वाटतोय' लिहिलं. त्यातल्या 'वाटतोय' वर दोन रात्री गेल्या. मग एक डॉक्टर, मग दुसरे, मग मी. धीर देणाऱ्या प्रत्येक वाक्यात एक फट असते आणि घाबरलेलं मन ती अचूक शोधतं. मी स्वतः कित्येक वर्षं पेशंटना सांगत आलो, 'शंका आली तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका, मी बघतो.' चांगुलपणाच वाटायचा तो. त्यातल्या काहींना मी रात्रीचा डोस पुरवत होतो, हे ध्यानात यायला वेळ लागला. आता असं सांगत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. भित्र्या माणसाला कॅन्सर होत नाही असा काही नियम नाही. म्हणून 'तुमच्या मनात आहे सगळं' म्हणून न तपासता घरी पाठवणं ही सरळ चूक आहे. आधी एकदा नीट तपासणी, भिंग लावून, उजेडात, सगळ्या अंगाची. फोटोवरून नाही. आणि धास्तीचा उलटा प्रकारही असतो: काही जण भीतीपोटी तीळ बघतच नाहीत, मोजे घालून झोपतात, डॉक्टरांचा रस्ता टाळतात. त्यांचा एकही फोटो नसतो, म्हणून ते कुणाच्या नजरेत येत नाहीत. मला जास्त भीती त्यांची वाटते.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला गोऱ्या कातडीसाठी लिहिलेला असतो, हेही इथेच सांगतो. ऑस्ट्रेलियात मेलॅनोमा वर्षाला लाखात तीसहून जास्त लोकांना होतो, भारतात लाखात एकालाही नाही. मेलबर्नला राहणारी आपली मुलगी तिथल्या शेजारणीचं बघून पाठीवरचे तीळ मोजत बसते, पण आपल्या कातडीत हा आजार उगवलाच तर बहुधा तळवे, तळहात आणि नखांखाली, जिथे उन्हाचा संबंध नाही. गायक बॉब मार्ली यांचा मेलॅनोमा १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सापडला होता. तेव्हा तळव्याकडे बघणं चूक नव्हतंच. (आणि आपल्याकडे नजर ठेवायचीच असेल तर आधी फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणाऱ्या चट्ट्यावर ठेवा. कुष्ठरोग अजून गेलेला नाही, औषधाने तो पूर्ण बरा होतो, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. कापसाने स्पर्श करून बघावं लागतं.)

नजर ठेवणं नीट कसं दिसतं, त्याचं एक उदाहरण नखाचं आहे. अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग आहे, ठेच लागल्याचं धड आठवत नाही. इथे फोटोला विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: डाग नखाबरोबर पुढे सरकतोय का? हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. आज शेजारी पट्टी ठेवून एक फोटो, महिन्याने, पायाचं असेल तर दोन महिन्यांनी, दुसरा. डागाच्या मागे मुळाशी स्वच्छ नख दिसायला लागलं तर ते साकळलेलं रक्त, वाढीबरोबर निघून जाईल. डाग मुळाशी जोडलेलाच राहिला, एकाच नखावर उभा पट्टा झाला, रुंदावला किंवा शेजारच्या कातडीवर उतरला, तर दाखवायला जायचं. दोन फोटो, एक प्रश्न, आणि उत्तर काहीही आलं तरी पुढे काय करायचं ते आधीच माहीत. रात्री अकरा चाळीसच्या फोटोला असा प्रश्नच नसतो. तो फक्त 'बरंय ना?' एवढंच विचारतो, आणि याचं कायमचं उत्तर कुठल्याच फोटोत नाही.

बाईंना मी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. जखम होऊन किंवा रक्त येऊन तीन आठवड्यांत भरलं नाही तर. तीळ वर आला, हाताला टणक लागला आणि महिनाभर वाढतच राहिला तर. किंवा फोटो न ताडता, साध्या नजरेला आकार किंवा रंग पसरल्याचं उघड दिसलं तर, तारखेची वाट न बघता या. यातलं काही नसेल तर तीन महिने फोटो शून्य. दुसरी अट जास्त कुरबुरीची ठरली: जुने ३४० काढून टाकायचे. मी पुसले नाहीत, त्यांनाच पुसायला लावले, आणि त्यांनी अर्धेच पुसले. चालेल म्हटलं.

नवऱ्यालाही काम दिलं. त्याने 'काही नाहीये' म्हणायचं नाही आणि चिडायचंही नाही. ती विचारेल तेव्हा म्हणायचं, "भीती वाटतेय ना? याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय. चल, बाल्कनीत बसू." त्याला हे फार निष्ठुर वाटलं. पण धीर देण्याऐवजी सोबत देणं, एवढाच तो बदल आहे. पहिले दहाबारा दिवस भीती वाढते, हे दोघांनाही आधी सांगून ठेवलं. हात न लावता बसलं की ती चढते, शिखर गाठते आणि आपोआप उतरते. फोटो काढला की हे उतरणं कधी अनुभवालाच येत नाही.

अकराव्या दिवशी मला दोन फोटो आले. उत्तरात मी फक्त ठरलेली तारीख लिहिली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांना एवढ्याने भागत नाही. सहा महिन्यांच्या वर हे चाललं असेल, एका तिळाची भीती गेली की दुसरीकडे गाठ सापडत असेल, झोप आणि कामावर परिणाम होत असेल, तर हा स्वतःच एक आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. इंग्लंडमध्ये पीटर टायरर यांच्या गटाने हॉस्पिटलच्या ओपीडीत येणाऱ्या अशा ४४४ पेशंटवर चाचणी केली. पाच ते दहा भेटींची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे बोलण्यातले उपचार, आणि ती देणारे नर्ससारखे कर्मचारी, या कामासाठी शिकवून तयार केलेले. नेहमीच्या उपचारांपेक्षा ही थेरपी घेतलेल्या पेशंटची भीती जास्त उतरली आणि फायदा पुढे टिकलाही. काहींना औषध लागतं, आणि ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. कुठे जायचं ते कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं.

तीन महिन्यांनी बाई आल्या. तीळ भिंगाखाली तसाच, चार मिलिमीटर, रंग खाचांमध्ये. दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून दाखवली. मधल्या काळात किती फोटो काढले विचारलं तर म्हणाल्या, "सोळा. सगळे पहिल्या महिन्यातले." मग जरा थांबून दंडावरचा एक ठिपका दाखवला. बघितला, साधा होता. त्याला आणि तळव्याच्या तिळाला मिळून एकच तारीख दिली, पुढच्या वर्षीची. ती त्यांनी फोनमध्ये टाकून घेतली.